तांत्रिक मूल्यमापन टिपणी: कमी दराला डावलून काम द्यायचे असेल तर कागदावर काय हवे

खारपाणपट्ट्यातल्या माणसाला पाण्याची चव सांगावी लागत नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणीच खारे आहे. त्यामुळे इथल्या गावांसाठी पाणीपुरवठा योजनेचा सविस्तर प्रकल्प अहवाल करून घ्यायचा तर सल्लागार कोण, याला फार महत्त्व येते. अहवालात स्रोत चुकला तर टाकी उभी राहते, नळ लागतात आणि बाया पुन्हा हंडे घेऊन निघतात.

म्हणून अशा कामाची निविदा बहुधा गुणवत्ता आणि दर दोन्ही धरून काढतात. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम 2017 मधल्या नियम 192 नुसार सल्लागार निवडताना तांत्रिक गुणांना जास्तीत जास्त 80 टक्के भारांक देता येतो. तुमच्या निविदेत कोणता भारांक आहे ते निविदा कागदपत्रातच पाहावे, कारण समितीला त्याच्या बाहेर जाता येत नाही. इथे दर जास्त असलेल्या निविदाकाराला काम मिळू शकते आणि तसे झाले की गावात पहिला प्रश्न येतो, “कमी दराचा होता ना, मग याले का देलं?” त्याचे उत्तर मूल्यमापन टिपणीत हवे.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजावण्यापुरते आहेत. 18 गावांचे सर्वेक्षण आणि प्रकल्प अहवाल, भारांक तांत्रिक 70 आणि वित्तीय 30, तांत्रिक पात्रतेसाठी किमान 70 गुण. निकष तीन: तशा कामांचा अनुभव 30 गुण (पूर्ण झालेल्या प्रत्येक कामाला 6), तज्ज्ञ मनुष्यबळ 40 गुण, कार्यपद्धती 30 गुण. निविदाकार क, ख आणि ग.

गुण देण्याआधी पात्रता तपासतात. तिथे गुण नसतात, फक्त पात्र किंवा अपात्र. नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, जीएसटी नोंदणी, बयाणा रक्कम भरल्याचा पुरावा (निविदेत सूट असेल तर सुटीचे प्रमाणपत्र), काळ्या यादीत नसल्याचे शपथपत्र आणि सनदी लेखापालाने दिलेला उलाढालीचा दाखला. या शेवटच्या दाखल्यावर 18 अंकी यूडीआयएन असतो. 1 फेब्रुवारी 2019 पासून तो बंधनकारक आहे. udin.icai.org वर तो टाकून दाखला खरा आहे का ते पाहता येते. पाच मिनिटांचे काम आहे, ते कराच आणि केल्याची नोंद टिपणीत तारखेसह घ्या.

आता अनुभव. निकालाला सर्वांत मोठे वळण इथेच मिळते. क ने पाच कामे दाखवली, म्हणजे दाव्याप्रमाणे पूर्ण 30 गुण. पण जोडलेले कागद उघडले तर तीन कामांचे पूर्णत्वाचे दाखले होते आणि दोन कामांचे नुसते कार्यारंभ आदेश. कार्यारंभ आदेशावरून काम मिळाले एवढेच कळते, ते पूर्ण झाले का हे कळत नाही. अशा वेळी थेट गुण कापू नयेत. निविदेत तशी तरतूद असेल तर लेखी खुलासा मागवावा, पण एका मर्यादेत: अंतिम तारखेआधीच अस्तित्वात असलेला, फक्त जोडायचा राहिलेला कागद चालतो, नंतर निर्माण झालेली पात्रता चालत नाही. क ने उत्तरात एका कामाचा दाखला दिला, त्यात काम पूर्ण झाल्याची तारीख निविदेच्या अंतिम तारखेनंतरची निघाली. दुसरे काम अजून सुरूच होते. म्हणून तीनच कामे धरली, 18 गुण. ख ची चार कामे दाखल्यांसह, 24 गुण. ग ची दोन, 12 गुण.

मनुष्यबळाचे गुण पथकप्रमुख, भूजलतज्ज्ञ आणि सर्वेक्षण अभियंता यांच्या सही केलेल्या माहितीपत्रांवरून: क 34, ख 36, ग 24.

कार्यपद्धतीच्या गुणांबाबत बहुतेक टिपण्या तोकड्या पडतात. “कार्यपद्धती समाधानकारक” असे लिहून 22 गुण दिले तर लेखापरीक्षक विचारणारच, की 26 का नाही? मी अशा समितीत बसलो आहे आणि तिथे गुणांपुढचा रकाना कोरा ठेवायची सवय डोळ्यांनी पाहिली आहे. तो रकाना प्रस्तावातला पृष्ठ क्रमांक आणि एक ठोस वाक्य लिहून भरायचा असतो. या उदाहरणात असे लिहिता येईल:

“निविदाकार ख: पृष्ठ 41 ते 46. पावसाळ्यापूर्वी व नंतर प्रत्येक गावातील विहिरींच्या पाण्याच्या क्षारतेची तपासणी प्रस्तावित. स्थानिक स्रोत अयोग्य ठरल्यास बाहेरच्या गोड्या पाण्याच्या स्रोताचा पर्याय खर्चासह. 26 गुण. निविदाकार क: पृष्ठ 38. सर्व गावांसाठी कूपनलिका हाच स्रोत गृहीत. क्षारतेची तपासणी फक्त शेवटच्या टप्प्यात. वेळापत्रक व्यवस्थित. 22 गुण.”

आपल्या भागात हा फरक खरा आहे. पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर 2000. खारपाणपट्ट्यात स्रोत आधी ठरवून क्षार शेवटी मोजणे म्हणजे उलटा क्रम. सदस्यांनी गुण स्वतंत्रपणे द्यावेत आणि मग सरासरी काढावी. प्रत्येकाचा सही केलेला गुणतक्ता नस्तीत ठेवावा. ग ला इथे 18.

बेरीज: क 74, ख 86, ग 54. ग चा वित्तीय लिफाफा उघडायचा नाही. तांत्रिक निकाल सह्यांनिशी आधी जाहीर करायचा आणि मगच दर उघडायचे. एकदा दर कळले की तांत्रिक गुणांना हात लावता येत नाही. नंतरच्या तारखेची टिपणी जोडलेली दिसली तर सगळी निवड संशयात येते.

दर: क 18 लाख, ख 21 लाख. सर्वांत कमी दराला 100 वित्तीय गुण, बाकीच्यांना त्या प्रमाणात.

```
वित्तीय गुण = 100 × सर्वांत कमी दर ÷ निविदाकाराचा दर
क: 0.70 × 74 + 0.30 × 100    = 81.80
ख: 0.70 × 86 + 0.30 × 85.71  = 85.91
```

ख ची शिफारस, 3 लाख जास्त दराने. पण थांबा. क ची ती दोन कामे धरली असती तर त्याचे तांत्रिक गुण 86 झाले असते, एकूण 90.20, आणि काम त्याला गेले असते. म्हणजे सगळा निकाल त्या 12 गुणांवर उभा आहे. मला वाटते, शिफारशीच्या परिच्छेदात हे लपवू नये, स्पष्ट मांडावे: कोणती दोन कामे, निविदेतील कोणत्या अटीमुळे धरली नाहीत, खुलासा कोणत्या तारखेला मागितला, उत्तर कधी आले, दाखल्यावर तारीख कोणती. तक्रार येईल ती याच जागी येईल. सक्षम प्राधिकाऱ्यालाही सही करताना हेच पाहायचे असते.

निविदेत नसलेला निकष टिपणीत आणता येत नाही. “जिल्ह्यात कार्यालय आहे” किंवा “आधी आपल्याकडे चांगले काम केले” ही कारणे कितीही खरी असली तरी निविदेत त्यांना गुण नव्हते, तर शिफारशीतही त्यांचा उल्लेख नको. आणि टिपणीसोबत प्रत्येक सदस्याचे हितसंबंध नसल्याचे घोषणापत्र जोडा, तेही लिफाफे उघडण्याच्या आधीच्या तारखेचे.