सेर कायमचं, एस्तार तात्पुरतं? विसरा ते

‘स्पॅनिशमध्ये असणे या अर्थाची दोन क्रियापदं, कायमच्या गोष्टींना सेर आणि तात्पुरत्या गोष्टींना एस्तार, असंच ना?’

नाही. माणूस गेला की ‘एस्ता मुएर्तो’ म्हणतात, म्हणजे एस्तार. आता मरणाहून कायमचं काय असणार? उलट ‘तीन वाजलेत’ हे ‘सोन लास त्रेस’, तिथे सेर, आणि ते तासभरही टिकत नाही. मेलेला, मोडलेला, बंद झालेला, अशी काहीतरी घडून आलेली अवस्था एस्तारकडे जाते. ती किती टिकते हे कुणी विचारत नाही.

खरी फजिती होते ती जागा सांगताना. माद्रिद काही उठून दुसरीकडे जात नाही, तरी ‘माद्रिद एस्ता एन एस्पान्या’ असंच म्हणायचं. माणूस, वस्तू, शहर कुठे आहे हे एस्तारनं सांगतात. कार्यक्रम कुठे आहे हे मात्र सेरनं. समजा, परीक्षा तीन नंबरच्या वर्गात आहे: ‘एल एक्सामेन एस एन एल आउला त्रेस’. इथे ‘एस’च्या जागी ‘एस्ता’ म्हटलंत, तर ऐकणाऱ्याला वाटेल की पेपरचा कागद त्या वर्गात ठेवलाय. दोन्ही वाक्यं शुद्ध, पण कागद आणायला निघालेला आणि परीक्षेला निघालेला यांची कामं वेगळी.

अडलात तर ‘आहे’ काढून ‘होणार आहे’ घालून बघा. अर्थ तोच राहिला तर सेर. ही युक्ती फक्त जागेपुरती चालते. विशेषणांना ती लावू नका. तिथे ‘एस आबुर्रीदो’ म्हणजे तो कंटाळवाणा, आणि ‘एस्ता आबुर्रीदो’ म्हणजे त्याला कंटाळा आलाय.