वराहखाद्य: दूध तोडल्यापासून विक्रीपर्यंत

आमच्याकडे तीन प्रकारचं खाद्य मिळतं आणि बहुतेक ग्राहक त्यातलं एकच नेतात. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘सगळ्यांना एकच पोतं, भानगड नको.’ त्यात आमचा तोटा नाही, तुमचा आहे. लहान पिल्लाला प्रथिनं कमी पडली तर ते खुंटतं. मोठ्या डुकराला जास्त दिली तर जादा प्रथिनं लघवीवाटे निघून जातात. शेडमध्ये डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास यायला लागतो तो बऱ्याचदा त्यामुळेच, आणि त्या वासाचे पैसे तुम्ही पेंडीच्या भावाने मोजलेले असतात.

खालचे आकडे लार्ज व्हाइट यॉर्कशायर किंवा तिच्या संकराच्या पिल्लांसाठी आहेत. पिल्लू आठ आठवड्यांचं, 10 किलोचं, जंतनाशक दिलेलं धरलं आहे. गावठी जनावर एवढ्या वेगाने वाढत नाही, त्याला हे दिवस लावू नका.

10 ते 20 किलो: प्रथिनं 20 टक्के

सगळ्यात जास्त पिल्लं बिघडतात ती इथेच. आईचं दूध सुटलं की पिल्लू एक-दोन दिवस तोंड लावत नाही, मग भूक लागली की अधाशासारखं खातं. तेवढं पचत नाही आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाण्यासारखी हगवण लागते. म्हणून पहिला आठवडा गव्हाण भरून ठेवू नका. दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं घाला, अर्ध्या तासात संपेल एवढंच. नव्या जागी आणलेल्या पिल्लांना आधीच्या मालकाचं दोन-तीन किलो खाद्य मागून आणा आणि आठवडाभरात आपलं खाद्य वाढवत न्या. एका पिल्लाला या टप्प्यात सरासरी दिवसाला 700 ग्रॅमच्या आसपास खाद्य लागतं. टप्पा साधारण महिन्याचा.

20 ते 50 किलो: प्रथिनं 16 टक्के

या दोन महिन्यांत अंगावर मांस चढतं. दिवसाला सरासरी दीड किलो खाद्य, वाढ सुमारे 500 ग्रॅम. पोट सुटलेलं, पाठीचा कणा दिसतोय आणि केस राठ झालेत असं जनावर दिसलं तर जंत असतील, नाहीतर प्रथिनं कमी पडताहेत. नुसत्या कोंड्यावर आणि हॉटेलच्या भातावर वाढवलेली डुकरं हमखास अशी दिसतात.

50 किलोपासून पुढे: प्रथिनं 14 टक्के

दिवसाला सरासरी सव्वादोन किलो, दोन वेळा. उन्हाळ्यात दुपारी डुक्कर खातच नाही, म्हणून सकाळी लवकर आणि सूर्य कलल्यावर घाला. एका टप्प्यातून दुसऱ्यात जाताना जुनं-नवं खाद्य मिसळत चार-पाच दिवसांत बदल करा.

घरी भरडा करणाऱ्यांसाठी 100 किलोचं प्रमाण असं. मक्यात 9, गव्हाच्या कोंड्यात 15, तांदळाच्या पॉलिशमध्ये 12 आणि सोया पेंडीत 45 टक्के प्रथिनं धरली आहेत.

- लहान पिल्लं: मका 55, सोया पेंड 30, गव्हाचा कोंडा साडेबारा किलो
- मधला टप्पा: मका 50, सोया पेंड 17, गव्हाचा कोंडा साडेवीस, तांदळाचं पॉलिश 10 किलो
- शेवटचा टप्पा: मका 55, सोया पेंड साडेदहा, गव्हाचा कोंडा 20, तांदळाचं पॉलिश 12 किलो
- तिन्हींत: क्षार मिश्रण 2 किलो, मीठ अर्धा किलो

सोया पेंडीऐवजी तेवढीच शेंगदाणा पेंड घातली तर कागदावर प्रथिनं जवळपास तेवढीच दिसतात, पण डुकराला लागणारं लायसिन त्यात बरंच कमी असतं आणि वाढ मागे पडते. कच्चं सोयाबीन दळून घालणं तर नकोच. न भाजलेलं सोयाबीन प्रथिनांचं पचनच अडवतं.

पावसाळ्यात मका हातात घेऊन बघा. दाण्याच्या टोकाला गुलाबी किंवा हिरवट बुरशी असेल तर तो माल परत करा. लहान माद्यांची योनी माजावर आल्यासारखी सुजलेली, लाल दिसली की आधी मक्यावर संशय घ्या. एका विशिष्ट बुरशीचं विष असंच दिसतं. असं खाद्य त्याच दिवशी बंद करा.

खाद्य शिल्लक राहतंय अशी तक्रार आली की आम्ही आधी पाणी विचारतो. एक किलो खाद्यामागे दोन ते तीन लिटर पाणी लागतं. निप्पलखाली लिटरची बाटली धरा: मोठ्या डुकरांच्या कप्प्यात ती एका मिनिटात भरली पाहिजे. दोन मिनिटं लागत असतील तर आधी पाइप साफ करा.

हॉटेलचं उष्टं घालणारच असाल तर 90 अंशांच्या वर, ढवळत ढवळत, पूर्ण तासभर उकळा. उष्ट्यातून येणाऱ्या आफ्रिकन स्वाइन फीव्हरवर औषध नाही.

कधी विकायचं

10 वरून 95 किलोपर्यंत न्यायला साधारण 160 दिवस आणि 270 किलो खाद्य लागतं. दहा डुकरांमागे 50 किलोची पोती मोजली तर पहिल्या टप्प्याची 5, दुसऱ्याची 18, तिसऱ्याची 32. नाताळाच्या बाजारात, म्हणजे 20 डिसेंबरच्या सुमारास माल काढायचा तर 10 किलोची पिल्लं जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात शेडमध्ये हवीत. गोवा-वसईकडचे ग्राहक गणेशोत्सव झाल्यावर पिल्लं शोधायला लागतात, तेव्हा उशीर झालेला असतो.

आता हिशेब. समजा खाद्य 28 रुपये किलो आणि जिवंत वजनाला 130 रुपये भाव आहे. 80 ते 90 किलोमध्ये एक किलो वजन वाढायला सुमारे 3.6 किलो खाद्य जातं, म्हणजे 101 रुपये. 90 ते 100 मध्ये 4 किलो, 112 रुपये. 100 ते 110 मध्ये 4.6 किलो, 129 रुपये. म्हणजे शंभरीनंतरच्या प्रत्येक किलोमागे हातात रुपया राहतो. त्यातून मजुरी आणि अडलेला कप्पा सोडवायचा! पुढे 110 नंतर किलोला 5.2 किलो खाद्य, 146 रुपये, सरळ घाटा. कारण एवढंच की आता मांस कमी आणि चरबी जास्त चढते आणि चरबी बनवायला खाद्य जास्त लागतं. तुमचे भाव वेगळे असतील, पण भागाकार हाच करा: जिवंत वजनाचा भाव भागिले खाद्याचा भाव. वरच्या उदाहरणात 4.6 येतात. तेवढं खाद्य एका किलोला लागायला लागलं की थांबायचं.

म्हणून आमचं म्हणणं 90 ते 100 किलो. चोरीस सॉसेजसाठी घेणाऱ्याला थोडी चरबी चालते, तो जास्त भाव देत असेल तरच पुढे जा. खाटीक 60-70 किलोचंच मागत असेल तर त्याने किलोमागे चढा भाव दिला पाहिजे. पिल्लाची किंमत तेवढ्याच कमी किलोंवर पडते.

काटा नसेल तर टेप पुरते. पुढच्या पायांच्या मागे छातीचा घेर आणि दोन कानांच्या मधून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, दोन्ही मीटरमध्ये घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी गुणिले 69.3. घेर 1.10 आणि लांबी 1.14 आली तर वजन साधारण 95 किलो. चार-पाच किलोंचा फरक पडू शकतो. मान खाली घालून उभं असताना मोजा आणि सकाळी, खाद्य घालण्याआधी.