मॅगसल्फ: पुढचा डोस द्यायचा की थांबायचं

मॅग्नेशियम सल्फेट, वॉर्डात सगळेच मॅगसल्फ म्हणतात, हे प्री-एक्लॅम्पसियात झटके येऊ नयेत म्हणून आणि आलेच तर पुन्हा येऊ नयेत म्हणून देतात. बीपी उतरवायला नाही, हे आधीच नीट धरून ठेवा, कारण परीक्षेच्या ऑप्शनमध्ये ते हमखास टाकलेलं असतं. बीपीसाठी लॅबेटालॉल किंवा निफेडिपिन वेगळं चालू असतं. २००२ साली छापून आलेल्या मॅगपाय ट्रायलमध्ये दहा हजारांच्या आसपास बायका होत्या आणि मॅगसल्फ मिळालेल्यांमध्ये झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला. म्हणजे औषध द्यावं की नाही हा प्रश्नच राहिलेला नाही, प्रश्न असतो पुढचा डोस आत्ता द्यायचा का याचा, आणि तो बहुतेक वेळा सिस्टरच्या हातात असतो.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आपल्या नाशिकलाच आहे, म्हसरूळला, त्यामुळे इथल्या पोरींमध्ये परीक्षेच्या आधी हा टॉपिक फिरतोच. पण पाठ करताना बऱ्याचजणी तीन आकडे तीन वेगळ्या गोष्टी म्हणून पाठ करतात: श्वास मिनिटाला निदान १६, लघवी तासाला निदान ३० मिली म्हणजे मागच्या चार तासांत १००-१२० मिली तरी, आणि गुडघ्याचा झटका म्हणजे नी जर्क हजर. खरं तर ही एकच साखळी आहे. मॅग्नेशियम शरीराबाहेर जातं ते किडनीतून, म्हणून लघवी कमी झाली की ते साचायला लागतं. साचलं की नसेकडून स्नायूला जाणारा निरोप अडतो, कारण तिथे कॅल्शियमचं जे काम असतं ते मॅग्नेशियम होऊ देत नाही, आणि याची पहिली दिसणारी खूण म्हणजे गुडघा उडत नाही. अजून वाढलं की श्वासाचे स्नायूही ढिले पडतात. म्हणजे लघवी कारण सांगते, गुडघा इशारा देतो आणि श्वास हा खरा धोका. रक्तातली पातळी बघायची तर उपचाराची ४ ते ७ मिलीइक्विव्हॅलंट, ८-१० च्या आसपास नी जर्क जातो, १२ च्या पुढे श्वास बसायला लागतो, हृदय थांबणं त्याच्याही बरंच वर. पण रात्री रिपोर्ट यायची वाट बघत बसायचं नसतं, हातोडी आणि घड्याळ पुरतं.

आता एक केस घेऊ, प्रश्नात येते तशीच रचलेली. पेठ तालुक्यातली २२ वर्षांची पहिलटकरीण, ३६ आठवडे, बीपी १७०/११०, लघवीत अल्ब्युमिन थ्री प्लस, डोकं ठणकतंय. ग्रामीण रुग्णालयात रात्री १० वाजता प्रिचर्ड पद्धतीने लोडिंग डोस दिला आणि १०८ ने नाशिकला पाठवलं. लोडिंग म्हणजे शिरेतून हळूहळू ४ ग्रॅम आणि दोन्ही कुल्ल्यांत खोल ५-५ ग्रॅम, एकूण १४ ग्रॅम. आपल्याकडचं नेहमीचं अँप्यूल २ मिलीचं, ५० टक्क्यांचं, म्हणजे एका अँप्यूलात १ ग्रॅम, तरी लेबल वाचूनच फोडायचं. शिरेतल्या डोससाठी चार अँप्यूल म्हणजे ८ मिली, त्यात १२ मिली सलाईन घातलं की २० मिलीचं २० टक्क्यांचं द्रावण होतं. हे पातळ न करता शिरेतून कधीच नाही.

इथे एक गोष्ट प्रश्नात क्वचित विचारतात पण प्रत्यक्षात फार महत्त्वाची. रेफरल चिठ्ठीवर किती ग्रॅम, कुठून आणि किती वाजता हे स्पष्ट लिहिलेलं हवं. नसेल तर इकडे पुन्हा लोडिंग दिलं जाऊ शकतं, आणि चांगल्या किडनीलाही ते जड जाईल. चिठ्ठीवर नसेल तर सोबत आलेल्या सासूबाईंना विचारा, "मावशी, कमरेत दोन सुया दिल्या का, किती वाजता?" आणि तिकडे फोन लावून खात्री करा.

आता रात्रीचे २. चार तास झाले, एका कुल्ल्यात ५ ग्रॅमचा मेंटेनन्स डोस ड्यू. अँप्यूल फोडायच्या आधी बाईकडे जायचं. युरोबॅगमध्ये १० पासून फक्त ७० मिली. श्वास पूर्ण मिनिट मोजला, १६. मग गुडघा. ती झोपलेली असेल तर गुडघ्याखाली आपला हात घालून पाय थोडा वाकवून उचलायचा, "ताई, पाय सैल सोडा, मी धरलाय" असं सांगायचं, आणि वाटीच्या खालच्या टेंडनवर हातोडी मारायची. पाय ताठ धरला असेल तर खोटंच वाटतं की नी जर्क गेला, म्हणून तिला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढायला सांगून परत बघायचं. एपिड्युरल दिलं असेल तर गुडघ्यावर भरवसा नाही, कोपरापाशी बघायचं. हिचा गुडघा दोन्हीकडे गप्प. बोलणं जरा जड, पापण्या मिटतायत, आणि नातेवाईक म्हणतात दमलीय, झोपू द्या. प्री-एक्लॅम्पसियात उलट नी जर्क जोरात यायला हवा, त्यामुळे हा गप्प गुडघा जास्तच बोलका आहे.

सिस्टरचं पहिलं काम काय, असा प्रश्न आला तर उत्तर डोस थांबवणं, ड्रिपवर असेल तर ड्रिप बंद करणं. मग डॉक्टरला फोन, ऑक्सिजन, मॅग्नेशियम आणि क्रिएटिनिनचं सॅम्पल, आणि श्वास दर काही मिनिटांनी. श्वास ठीक असला तरी अँटीडोट भरून तयार ठेवायचा. ड्रिप बंद केली की नवीन औषध जाणं थांबतं पण कुल्ल्यातला साठा आपल्याला परत काढता येत नाही, तो रक्तात उतरतच राहतो, म्हणून प्रिचर्डवरच्या बाईवर जास्त वेळ लक्ष लागतं.

समजा २:४० ला श्वास १० वर आला. आता कॅल्शियम ग्लुकोनेट, १ ग्रॅम म्हणजे १० टक्क्यांचं १० मिली, शिरेतून हळू, निदान तीन मिनिटं घेऊन. घाईत ढकललं तर हृदयाची गती एकदम पडू शकते, म्हणून मॉनिटर लावून. मॅगसल्फच्याच नळीतून द्यायचं नाही, दोन्ही भेटले की पांढरा साका बसतो, म्हणून दुसरी शीर किंवा नळी नीट फ्लश करून. कॅल्शियम काम करेपर्यंत बॅग-मास्कने श्वास द्यायचा, नुसतं इंजेक्शन देऊन उभं राहायचं नाही. ते मॅग्नेशियमचा परिणाम तात्पुरता मोडतं, मॅग्नेशियम बाहेर काढत नाही, ते काम किडनीचंच, म्हणून श्वास सुधारून पुन्हा बसू शकतो आणि डोस परत लागू शकतो. ऑप्शनमधलं नॅलोक्सोन अफूजन्य औषधांसाठी, प्रोटामिन हेपारिनसाठी, व्हिटॅमिन के वॉरफॅरिनसाठी, यात अडकू नका.

एक उलटी चूकही होते. लोडिंग देताना बाई म्हणते अंगातून गरम वाफा येतायत, तहान लागलीय, तोंड लालबुंद होतं, आणि नवीन सिस्टर घाबरून औषध बंद करते. ही विषबाधा नाही, हे अपेक्षित आहे, तिला आधीच सांगून ठेवलं की ती शांत राहते. गुडघा आणि श्वास ठीक असताना नुसत्या गरम वाटण्यावर डोस चुकवला तर झटका येऊ शकतो.

प्रसूतीच्या वेळी बालरोग डॉक्टरला मॅगसल्फ चालू असल्याचं सांगायचं, कारण औषध वारेतून बाळाकडे जातं आणि बाळ ढिलं, श्वास मंद असं येऊ शकतं. प्रसूती झाली म्हणून औषध बंद होत नाही, प्रसूतीनंतर किंवा शेवटच्या झटक्यानंतर २४ तास, जे नंतर येईल तोपर्यंत, आणि वॉर्ड बदलला तरी प्रत्येक डोसआधी तीच तपासणी: बॅग, गुडघा, श्वास.