डब्यावर ‘मिल्क’ लिहिलंय, म्हणजे क्रिएटिन दुधाचं?

“मला दूध पचत नाही. क्रिएटिनच्या डब्यावर ‘मे कंटेन मिल्क’ लिहिलंय. म्हणजे ते दुधापासूनच बनवतात ना?”

नाही. व्यायाम करणारे ताकदीसाठी घेतात ते बाजारातलं क्रिएटिन मोनोहायड्रेट सार्कोसिन आणि सायनामाइड या रसायनांपासून कारखान्यात तयार होतं. त्यात दूध नाही, गहूही नाही. हा समज पसरला तो बहुधा व्हे प्रोटीनमुळे. ते मात्र खरोखर दुधाचं असतं, आणि पुष्कळदा त्याच यंत्रांवर क्रिएटिनही भरलं जातं. ‘मे कंटेन’ हा इशारा त्या मागे राहिलेल्या भुकटीबद्दल असतो. ‘कंटेन्स मिल्क’ असेल तर दुधाचा पदार्थ मुद्दाम घातलेला आहे. असं सहसा चवीच्या किंवा मिश्र पावडरींवर दिसतं.

आता तुमचा डबा. घटकांच्या यादीत फक्त क्रिएटिन मोनोहायड्रेट असेल आणि त्रास लॅक्टोजचा, म्हणजे दुधातल्या साखरेचाच असेल, तर काळजी नको. लॅक्टोज न पचणाऱ्या बऱ्याच जणांना एका वेळी सुमारे 12 ग्रॅम लॅक्टोजही सोसतं. इथे तर अख्खा डोसच 3 ते 5 ग्रॅमचा आहे. एकदम 10 ग्रॅम घेऊन जुलाब झाले, तर दोष बहुधा त्या मोठ्या डोसचा असतो.

दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असेल तर मात्र हाच डबा घेऊ नका. तिथे कणभरही घातक ठरू शकतो, आणि ‘लॅक्टोज फ्री’ या शब्दांनी प्रथिनं नसल्याची हमी मिळत नाही. इशारा छापलेला नसला तरी त्याच यंत्रावर व्हे भरतात का, हे कंपनीला लेखी विचारा. सीलिॲक, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन न चालणारा आजार असलेल्यांनी ‘ग्लूटेन फ्री’ लिहिलेलंच घ्यावं. त्यात ग्लूटेनची मर्यादा किलोला 20 मिलिग्रॅम आहे.