सोन्याला बांधलेला पौंड आणि 77 शिलिंगांची मर्यादा

तिजोरीत जितके सोने तितक्याच नोटा छापता येतात आणि यालाच सुवर्ण परिमाण म्हणतात, असा मजकूर अधूनमधून फिरत असतो. हे वर्णन चुकीचे आहे. सुवर्ण परिमाण जोरात असतानाही बँका आपल्या साठ्याच्या कित्येक पट नोटा चलनात ठेवत असत. सरकारचे हात बांधले जात ते साठ्याच्या आकाराने नव्हे, तर एका वचनाने: नोट घेऊन येणाऱ्या कोणालाही ठरलेल्या भावाने सोने मिळेल. हे वचन पाळले जात असताना काय होते आणि स्थगित झाल्यावर काय होते, हे दोन्ही इंग्लंडच्या 1797 ते 1821 या काळात स्वच्छ दिसते.

1717 मध्ये टांकसाळीचे प्रमुख असलेल्या आयझॅक न्यूटन यांच्या शिफारशीनंतर गिनी या सोन्याच्या नाण्याची किंमत 21 शिलिंग ठरली. त्यावरून 22 कॅरटच्या एका औंस सोन्याचा टांकसाळीतील भाव 3 पौंड 17 शिलिंग साडेदहा पेन्स, म्हणजे 77 शिलिंग साडेदहा पेन्स इतका येतो. एका पौंडाचे 20 शिलिंग आणि एका शिलिंगाचे 12 पेन्स एवढे लक्षात ठेवले, की पुढचा हिशेब सोपा आहे.

समजा, सरकारने बँक ऑफ इंग्लंडकडून मोठे कर्ज घेतले आणि बँकेने ते नव्या नोटांच्या रूपाने दिले. नोटा वाढल्या, मालाचे भाव चढले, परदेशी माल तुलनेने स्वस्त वाटू लागला, आयात वाढली आणि परदेशात देणी भागवण्यासाठी सोन्याला मागणी आली. बाजारात सोन्याचा भाव 80 शिलिंग झाला, असे धरू. आता एखादा व्यापारी 3,893 पौंड 15 शिलिंगांच्या नोटा घेऊन बँकेच्या खिडकीपाशी जातो, तेवढ्या रकमेच्या गिनी, म्हणजे 1,000 औंस सोने, घेतो आणि ते बाजारात 4,000 पौंडांना विकतो. त्याला 106 पौंड 5 शिलिंग सुटतात. (नाणी वितळवून ते सोने परदेशी पाठवणे तेव्हा बेकायदा होते, पण एवढा नफा समोर असताना कायदा फार काळ आड येत नसे.) मिळालेल्या नोटा घेऊन तो पुन्हा त्याच खिडकीपाशी उभा राहतो.

प्रत्येक फेरीत दोन गोष्टी घडतात. बँकेचा साठा 1,000 औंसांनी घटतो आणि जवळजवळ 3,900 पौंडांच्या नोटा चलनातून बाहेर पडून बँकेकडे परततात. बँकेने त्या पुन्हा कर्जाऊ दिल्या तर त्या पुन्हा खिडकीवर येणार, त्यामुळे साठा वाचवायचा तर कर्जे आखडण्यावाचून तिला गत्यंतर नसते. नोटा कमी झाल्या की भाव उतरतात आणि सोने 77 शिलिंग साडेदहा पेन्सांच्या आसपास परत येते. जहाजभाडे, विमा आणि जोखीम यांच्या खर्चाहून मोठी तफावत टिकूच शकत नाही. किती नोटा जास्त झाल्या हे कोणा अधिकाऱ्याला ठरवावे लागत नाही. नफ्याच्या मागे लागलेले अनोळखी लोक ते परस्पर ठरवून टाकतात. मला या व्यवस्थेतला सर्वांत देखणा भाग हाच वाटतो.

फ्रान्सशी युद्ध सुरू झाल्यावर पंतप्रधान विल्यम पिट यांना नेमकी हीच अडचण जाणवू लागली. सरकारला दिलेल्या उचलीमुळे साठ्यावर ताण येत आहे, असे बँकेचे संचालक त्यांना 1795 पासून बजावत होते. फेब्रुवारी 1797 मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर फ्रेंच सैनिकांची एक तुकडी उतरली, लोक नोटा मोडून सोने घेण्यासाठी धावले आणि बँकेचा साठा दहा-बारा लाख पौंडांच्या आसपास येऊन ठेपला. 26 फेब्रुवारीला रविवार असूनही आदेश काढून नोटांच्या बदल्यात सोने देणे थांबवण्यात आले. काही काळापुरती म्हणून केलेली ही सोय 24 वर्षे टिकली.

खिडकी बंद झाल्यावर जादा नोटा परत येण्याचा मार्गच उरला नाही. बँक ऑफ इंग्लंडच्या चलनातील नोटा 1797 च्या आरंभी एक कोटी पौंडांहून कमी होत्या, त्या 1814 पर्यंत अडीच कोटींच्या वर गेल्या. आम्ही खऱ्या व्यापारातल्या सुरक्षित हुंड्याच वटवतो, तेव्हा नोटा जास्त होणे शक्यच नाही, असा बँकेचा बचाव होता. बँकर आणि संसद सदस्य हेन्री थॉर्नटन यांनी त्यातली खोच आधीच दाखवली होती. कायद्याने व्याजाचा दर 5 टक्क्यांहून वर जाऊ शकत नव्हता. व्यापारात त्याहून जास्त नफा मिळत असेल, तर 5 टक्क्यांनी कर्ज मागणाऱ्यांची रांग संपणारच नाही, आणि त्यांतला प्रत्येक जण खरी व सुरक्षित हुंडी घेऊनच आलेला असेल.

नोटा जास्त झाल्या हे ओळखायचे कसे? संसदेच्या 1810 च्या समितीने, जिचे अध्यक्ष फ्रान्सिस हॉर्नर होते, सोन्याच्या बाजारभावावर बोट ठेवले. तो तेव्हा साडेचार पौंडांवर, म्हणजे 90 शिलिंगांवर होता. 77.875 ला 90 ने भागले तर 0.865 येतात, अर्थात 20 शिलिंगांची म्हणून चालणारी नोट सोन्याच्या हिशेबाने 17 शिलिंगांहून जेमतेम थोडी अधिक होती. युद्धखर्च आणि धान्याची आयात यांमुळे सोने महागले, हा विरोधकांचा मुद्दा निराधार नव्हता, पण खिडकी उघडी असती तर त्या कारणांनी एवढी मोठी तफावत वर्षानुवर्षे टिकली नसती.

दोन वर्षांत खिडकी उघडावी, ही समितीची शिफारस संसदेने 1811 मध्ये फेटाळली आणि लोकांच्या लेखी नोटा आणि नाणी समान मोलाच्याच आहेत, असा ठराव केला. तेव्हा लॉर्ड किंग या जमीनदाराने खंड सोन्यात द्यावा किंवा घसरलेल्या मोलाच्या मानाने जास्त नोटा द्याव्यात, अशी आपल्या कुळांकडे मागणी केली. त्यावर संसदेने काय केले, तर 21 शिलिंगांहून जास्त भावाने गिनी देणे-घेणे हाच गुन्हा ठरवला. तापमापी फोडल्याने ताप उतरत नाही.

सोन्याच्या अंगी काही उपजत पावित्र्य आहे आणि त्याला चलन बांधले की भाव स्थिर राहतात, असे मानणाऱ्यांनाही हा इतिहास फारसा उपयोगी पडत नाही. वचन देणारेही सरकार आणि ते स्थगित करणारेही सरकारच होते. शिवाय खिडकी उघडी असतानासुद्धा मर्यादा किती सैल हे खाणी ठरवतात: कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियात सोने सापडल्यानंतरच्या वर्षांत भाव चढले, तर 1873 नंतर अनेक देश सोन्याकडे वळले आणि नवे सोने तितके निघेना, तेव्हा दोन दशके भाव उतरत गेले.

1819 च्या कायद्याने जुन्याच भावाने परतण्याचे ठरले आणि 1821 मध्ये नोटेच्या बदल्यात पुन्हा सोन्याची नाणी मिळू लागली. त्यासाठी भाव खाली यावे लागले, आणि ते आले. हलक्या नोटांत कर्ज घेतलेल्यांना आता जड पौंडांत परतफेड करावी लागली. त्यांतला सर्वांत मोठा ऋणको म्हणजे स्वतः सरकार. त्याच्यावर 80 कोटी पौंडांहून अधिक कर्ज होते, आणि त्याचे व्याज भाव पडलेल्या शेतमालावर जगणाऱ्यांच्याही करांतून भागवले जात राहिले.