ओएलईडी लॅपटॉप ऑफिसात दिवसभर चालवता? मग हे वाचून घ्या

आजकाल बरेच जण ओएलईडी स्क्रीनवाला लॅपटॉप नेतात, रंग जबरदस्त राहतात म्हणून. घरी पिक्चर पाहायला काहीच टेन्शन नाही. पण जिनिंगच्या ऑफिसात नाहीतर सेतू केंद्रात सकाळपासून रात्रीपर्यंत तीच एक एन्ट्रीची विंडो उघडी राहत असेल तर थोडी काळजी घ्यावी लागते.

या स्क्रीनमागे वेगळा लाईट नसतो, प्रत्येक पिक्सेल स्वतःच जळतो आणि जेवढा जळतो तेवढा झिजतो, त्यातही निळा सगळ्यात लवकर. ही झीज सगळीकडे सारखी नसली की स्क्रीनवर कायमचा डाग दिसतो, त्यालाच बर्न-इन म्हणतात.

समजा कापसाच्या सीझनमधे अकाउंटंट भाऊंनी पांढरी शीट दिवसभर उघडी ठेवली, दारातून ऊन येते म्हणून ब्राइटनेस फुल, आणि खाली टास्कबार काळा. असं महिनोन्‌महिने चाललं तर डाग टास्कबारचा पडेल असं वाटते, पण होते उलटं, शीटची जागा झिजून जरा मंद, पिवळसर होते आणि काळी पट्टी होती तिथलेच पिक्सेल नवे राहतात, म्हणून फुल स्क्रीन फोटो लावला की खाली उजळ पट्टा दिसतो अन् त्यात आयकॉनच्या जागी मंद ठिपके.

चेक करायचं असेल तर मधल्या राखाडी रंगाचा कोरा फोटो फुल स्क्रीन लावा. सावली दिसली तर लगेच घाबरू नका, स्क्रीन बंद करून रात्रभर राहू द्या, सकाळी गेली तर ती तात्पुरती होती. तशीच राहिली तर मात्र पिक्सेल झिजले, मग पॅनल बदलण्याशिवाय ते नवं होत नाही, अन् पॅनल स्वस्त नाही येत.

सगळ्यात जास्त फरक ब्राइटनेसनं पडतो. लॅपटॉपची पाठ दाराकडे अन् तोंड सावलीत ठेवा, म्हणजे निम्म्या ब्राइटनेसवरही आकडे नीट दिसतात. उन्हाळ्यात टिनाच्या खोलीत तर हे पाळाच, गरमीनं झीज अजून वाढते. डार्क मोड लावा, Automatically hide the taskbar चालू करा, आणि स्क्रीन दोन-तीन मिनिटांत बंद होईल असं सेटिंग ठेवा, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता अर्धा तास कसा जातो कळत नाही. फोटोवाला स्क्रीनसेव्हर लावण्यापेक्षा स्क्रीन बंदच बरी, काळा पिक्सेल झिजत नाही.

अन् दिवसभर एन्ट्रीच करायची असेल तर आमचा सल्ला सरळ आहे, एक साधा एलसीडी मॉनिटर जोडा, Windows + P दाबून Second screen only करा, लॅपटॉपची स्क्रीन बंद राहते आणि काम मॉनिटरवर चालते. जुना चालू मॉनिटर पडला असेल तर तोच आमच्या दुकानात घेऊन या, केबल कोणती लागते ते पाहून जोडून देतो.

वॉरंटीत बर्न-इन धरतात की नाही हे कंपनी अन् मॉडेलप्रमाणे बदलते, तेव्हा येताना बिल आणि वॉरंटी कार्ड दोन्ही सोबत आणा.