उष्णतामापनातील अनिश्चिततेचे प्रसारण

उष्णतामापनाच्या प्रयोगात तापमान, वस्तुमान व संहती यांच्या वाचनांत असलेली अनिश्चितता गणिताच्या प्रत्येक पायरीतून अंतिम उत्तरापर्यंत कशी पोहोचते, ते ठरविण्याची पद्धत. प्रयोगवहीतील ‘त्रुटी विश्लेषण’ या भागात ती मांडतात. त्रुटी म्हणजे मापन व खरे मूल्य यांतील फरक. तो सहसा अज्ञात असतो. अनिश्चितता म्हणजे खरे मूल्य ज्या पट्ट्यात असावे त्याचा अंदाज. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने हा भेद पक्का केला, तरी प्रयोगशाळांत जुनेच नाव चालते.

स्वतंत्र घटकांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढण्याच्या नियमाचे मूळ न्यूनतम वर्ग पद्धतीच्या वादाशी जोडले जाते. ती पद्धत लझांद्र यांनी १८०५ मध्ये छापली. गाउस यांनी १८०९ मध्ये आपण ती १७९५ पासून वापरत असल्याचे म्हटले. अग्रक्रमाचा हा वाद पद्धतीपुरता आहे. प्रसारणाच्या नियमासाठी गाउस यांचे १८२० च्या दशकातील लेखन आधारभूत धरणे अधिक सयुक्तिक दिसते.

उदाहरण म्हणून उदासिनीकरणाची उष्णता घेऊ. उपकरण थर्माकोलने वेढलेले काचेचे चंचुपात्र आहे. पहिल्या पायरीत पात्राची उष्माधारकता C काढतात. त्यासाठी पात्रातल्या १०० ग्रॅम थंड पाण्यात (२७.० °से.) १०० ग्रॅम गरम पाणी (६०.० °से.) ओतले. मिश्रणाचे तापमान ४२.५ °से. आले. खालील सूत्रात m हे प्रत्येक पाण्याचे वस्तुमान, c ही पाण्याची विशिष्ट उष्णता आणि T1, T2 व Tf ही अनुक्रमे थंड पाणी, गरम पाणी व मिश्रण यांची तापमाने आहेत.

C = m·c·(T2 − Tf)/(Tf − T1) − m·c

पहिले पद ४७२ व दुसरे ४१८ जूल प्रति अंश, म्हणून C = ५४. प्रत्येक तापमानाची प्रमाण अनिश्चितता ०.१ °से. धरल्यास पहिल्या पदाची अनिश्चितता ७ येते, म्हणजे जेमतेम दीड टक्का. वजाबाकीनंतर ७ हा आकडा तसाच राहतो, पण ज्याच्याशी तो ताडायचा ती राशी ५४ झालेली असते. दीड टक्क्याचे तेरा टक्के होतात.

येथेच एक चूक सर्रास होते. Tf अंश व छेद या दोन्हींत आहे. त्याचे वाचन ०.१ ने जास्त झाले, तर अंश घटतो आणि छेद वाढतो. दोन्ही परिणाम एकाच दिशेने जातात. विद्यार्थी दोन्ही तापमान-फरक परस्परांपासून स्वतंत्र समजून त्यांच्या सापेक्ष अनिश्चितता एकत्र करतात आणि ७ ऐवजी ५.८ मिळवतात. सूत्राचे T1, T2 व Tf यांच्या सापेक्ष आंशिक अवकलज घेतले की ही चूक टळते. अवकलज नको असतील तर एकेक वाचन ०.१ ने हलवून गणित पुन्हा करावे, C किती सरकतो ते पाहावे व त्या सरकांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ घ्यावे.

दुसऱ्या पायरीत १ मोलर आम्ल व १ मोलर अल्कली प्रत्येकी ५० मिलि. मिसळल्यावर तापमान ५.९ अंशांनी वाढले. आता C पाण्याच्या ४१८ मध्ये मिळवला जातो, आणि तेरा टक्क्यांचा फुगवटा पुन्हा दीड टक्क्यावर बसतो.

| राशी | मूल्य | अनिश्चितता | सापेक्ष | वाटा |
|---|---|---|---|---|
| तापमानवाढ (°से.) | ५.९ | ०.१४ | २.४% | ६९% |
| एकूण उष्माधारकता (जूल/°से.) | ४७२ | ७ | १.५% | २७% |
| मोल | ०.०५०० | ०.०००३ | ०.६% | ४% |

शेवटचा स्तंभ सापेक्ष अनिश्चिततांच्या वर्गांचा वाटा दाखवतो. विश्लेषणात हाच सर्वांत बोलका असतो: तराजू बदलून काही साधणार नाही, तापमापी बदलावा लागेल. उत्तर −५५.७ ± १.६ किलोजूल प्रति मोल असे लिहावे, −५५.६९६ लिहिणे चुकीचे. ± ही प्रमाण अनिश्चितता आहे की कमाल मर्यादा, तेही नोंदवावे. अकरावीच्या पुस्तकांत सापेक्ष त्रुटींची सरळ बेरीज करतात. त्या रीतीने येथे ४.५ टक्के येतात. ती वरची मर्यादा होय, प्रमाण अनिश्चितता नव्हे. ५.८ ची चूक या उत्तरात फारशी जाणवत नाही, १.६ चे १.५ होतात; C हेच अंतिम उत्तर असते तर मात्र जाणवली असती.

२५ °से. ला अनंत विरलतेचे मान्य मूल्य −५५.८ च्या आसपास आहे. वरील उत्तर त्याच्याशी जुळते, तरी जुळणी म्हणजे प्रयोग निर्दोष असल्याचा पुरावा नव्हे. मिसळताना उष्णता निसटली तर पहिल्या पायरीत Tf कमी येऊन C मोठा दिसतो, दुसऱ्या पायरीत तापमानवाढ कमी दिसते. दोन चुका एकमेकींना अंशतः झाकतात. प्रयोग दहादा केला तरी हे उघड होत नाही. तापमान-वेळ आलेखावर मिश्रणानंतरची उतरती रेषा मिश्रणाच्या क्षणापर्यंत मागे वाढवली की उघड होते. द्रावणाची विशिष्ट उष्णता पाण्याइतकी धरणे हीदेखील अशीच एकाच दिशेची चूक असून तिचा उल्लेख ± मध्ये न मिसळता वेगळा करतात.

हलक्या थर्माकोलच्या पेल्याचा C इतका लहान असतो की ±७ पुढे तो ऋणही येऊ शकतो. अशा वेळी ऋण आकडा खोडून नवे वाचन ‘जुळवून’ घेण्याऐवजी आला तसाच, अनिश्चिततेसह लिहावा.